रखडलेल्या पुलाची बातमी कशी लिहायची: गोखले पुलाच्या उदाहरणासह

पत्रकारितेच्या वर्गात ‘रखडलेलं पुलाचं काम’ हा विषय बातमीलेखनासाठी दिला, की बहुतेकांची कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, एकाच ठिकाणी फसते. विद्यार्थी पुलाचा इतिहास सांगायला लागतो: पूल कधी बांधला, कधी धोकादायक ठरला, मग काय झालं. उशीर किती झाला हे शेवटच्या परिच्छेदात ‘काम अद्याप रखडले आहे’ एवढ्या चार शब्दांत उरतं. प्रत्यक्षात उशीर हीच बातमी आहे. तो मोजून, तारखांच्या आधारानं पहिल्या परिच्छेदात यायला हवा. बाकी सगळी माहिती महत्त्वाच्या उतरत्या क्रमानं त्याच्याखाली येते, यालाच उलटा पिरॅमिड म्हणतात.

सरावासाठी अंधेरीचा गोपाळ कृष्ण गोखले रेल्वे उड्डाणपूल घेऊ. हे पुनर्बांधणीचं काम होतं आणि त्याची तपशीलवार नोंद सार्वजनिकरीत्या उपलब्ध आहे. बातमीचा दिवस २६ फेब्रुवारी २०२४, सोमवार असा धरू. त्या दिवशी पुलाची एक बाजू वाहनांसाठी खुली झाली. हा दिवस मुद्दाम निवडला आहे, कारण उद्घाटनाच्या दिवशी आनंदाची बातमी लिहून मोकळं व्हायचा मोह सर्वांत जास्त असतो.

पहिली पायरी: लिहिण्याआधी तारखांचा तक्ता

कागदावर तीन रकाने आखा: तारीख, काय घडलं, हे कोणी सांगितलं. तिसरा रकाना रिकामा राहिला तर ती नोंद बातमीत वापरायची नाही, एवढा नियम कडक पाळा. गोखले पुलाचा तक्ता साधारण असा होईल.

३ जुलै २०१८ रोजी पुलाच्या पादचारी मार्गाचा भाग पश्चिम रेल्वेच्या रुळांवर कोसळला. त्यात दोन जणांचा जीव गेला. ७ नोव्हेंबर २०२२ पासून पूल वाहतुकीसाठी पूर्ण बंद झाला. बंद करताना मुंबई महापालिकेनं दोन मार्गिका मे २०२३ पर्यंत सुरू करण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं. पुढं ते नोव्हेंबर २०२३ वर गेलं, मग १५ फेब्रुवारी २०२४ वर. रुळांवरचा जुना भाग पश्चिम रेल्वेनं पाडला, नवा पूल उभारण्याचं काम महापालिकेकडं होतं. सुमारे १,३०० टन वजनाचा पहिला गर्डर, म्हणजे पुलाचा भार पेलणारी पोलादी तुळई, २ डिसेंबर २०२३ च्या रात्री रुळांवर सरकवण्यात आला. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी एक बाजू खुली झाली.

तक्ता झाला की दोन वजाबाक्या करायच्या, आणि या दोन्ही एकमेकींत मिसळायच्या नाहीत. ७ नोव्हेंबर २०२२ ते २६ फेब्रुवारी २०२४ हे ४७६ दिवस होतात. हा पूल *बंद असल्याचा* काळ आहे, उशीर नव्हे. कारण काम वेळेत झालं असतं तरी पूल काही महिने बंद राहणारच होता. उशीर मोजायचा तो पहिल्या जाहीर मुदतीपासून. मे २०२३ ची अखेर धरली, तर ३१ मे २०२३ ते २६ फेब्रुवारी २०२४ हे २७१ दिवस, म्हणजे जवळजवळ नऊ महिने. ४७६ मधून २७१ गेले की २०५ उरतात. तेवढा काळ मूळ नियोजनातच होता. ‘पूल ४७६ दिवस रखडला’ असं लिहिलं तर संबंधित अधिकारी दुसऱ्या दिवशी खुलासा पाठवेल, आणि तो खुलासा बरोबर असेल. ‘पूल ४७६ दिवस बंद होता आणि पहिली मुदत नऊ महिन्यांनी हुकली’ हे वाक्य मात्र कुणाला खोडता येणार नाही.

दिवस मोजताना लीप वर्ष विसरू नका. २०२४ च्या फेब्रुवारीत २९ दिवस होते. या मोजणीचा शेवटचा दिवस २६ फेब्रुवारी असल्यानं इथं फरक पडत नाही, पण मार्चमधली तारीख असती तर एका दिवसाची चूक झाली असती. मुदत फक्त महिन्यात दिलेली असेल तर महिन्याचा शेवटचा दिवस धरा. यंत्रणेला शक्य तेवढी सवलत देऊनही उशीर किती निघतो, तेच दाखवायचं असतं.

दुसरी पायरी: जागेवर जाणं

पुलाच्या बातमीसाठी एका टोकाला उभं राहून भागत नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जा, आणि उतारमार्ग पुढं कुठल्या रस्त्याला मिळतो तिथपर्यंत जा. गोखले पुलाच्या बाबतीत सर्वांत मोठी गोष्ट पश्चिमेच्या टोकाला उघड्यावर दिसत होती. सी. डी. बर्फीवाला उड्डाणपूल पूर्वी गोखले पुलाला जोडलेला होता. रेल्वेच्या नव्या निकषांमुळं रुळांवरच्या पुलाची उंची वाढवावी लागली, आणि नवा पूल बर्फीवाला पुलापेक्षा बराच उंच झाला. दोन पुलांच्या मधे जणू पायरी तयार झाली. म्हणजे एक बाजू खुली होऊनही बर्फीवाला पुलावरून येणाऱ्याला थेट गोखले पुलावर चढता येत नव्हतं. उद्घाटनाच्या प्रसिद्धिपत्रकावर विसंबलेल्या कॉपीत ही माहिती असण्याची शक्यता फार कमी.

जागेवर काय टिपायचं? कोणत्या वाहनांना प्रवेश आहे (इथं फक्त हलक्या वाहनांना होता), उंचीचा अडथळा लावला आहे का, किती मार्गिका सुरू आहेत, पादचाऱ्यांसाठी सोय आहे का. एक गोष्ट त्या दिवशी मात्र लिहिता येत नाही: ‘वाहतूककोंडी फुटली’. पूल खुला होऊन चार तास झालेले असताना कोंडीबद्दल कुणालाच ठाऊक नसतं. ती आठवड्यानंतरची बातमी आहे.

तिसरी पायरी: नेमक्या उत्तराचे प्रश्न

पुलाचं काम रखडण्यात बहुतेक वेळा एकाहून अधिक यंत्रणा असतात. रेल्वेमार्गावरच्या पुलात तर ते ठरलेलंच. म्हणून प्रश्न कुणाला विचारायचा हे आधी ठरवा. पोहोचरस्ते, निविदा, कंत्राटदार याबद्दल महापालिकेच्या पूल विभागाला. ब्लॉक, म्हणजे कामासाठी गाड्या थांबवण्याची वेळ, किती मागितले, किती मिळाले, जुना भाग कधी पाडून झाला याबद्दल रेल्वेच्या मुख्य जनसंपर्क अधिकाऱ्याला. एकानं दुसऱ्याकडं बोट दाखवलं, तर दुसऱ्याचं म्हणणं घेतल्याशिवाय ते छापायचं नाही.

‘काम कुठपर्यंत आलं?’ असं विचारलं की ‘अंतिम टप्प्यात’ हे उत्तर येतं. ‘किती टक्के झालं?’ विचारलं की एक आकडा मिळतो, पण त्यावरून वाचकाला काही कळत नाही, कारण ती टक्केवारी खर्चाची की कामाची हे सांगितलं जात नाही. त्यापेक्षा वस्तूबद्दल विचारा. दुसऱ्या बाजूच्या गर्डरचे सुटे भाग आज कुठं आहेत, कारखान्यात की साइटवर? किती आले, किती यायचे? रेल्वेकडं पुढच्या ब्लॉकचा अर्ज कोणत्या तारखेला गेला? या प्रश्नांना ‘युद्धपातळीवर’ असं उत्तर देता येत नाही.

तोंडी मिळालेली मुदत लगेच लिहून घ्या. बोलणाऱ्याचं पद आणि दिवसही सोबत नोंदवा. कार्यादेशाची प्रत, मुदतवाढीची पत्रं आणि ठोठावलेला दंड हे तोंडी विचारून सहसा मिळत नाहीत. त्यासाठी माहिती अधिकारात अर्ज करा. महाराष्ट्रात त्याचं शुल्क १० रुपये आहे, अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. वर्गाच्या गृहपाठात हे उत्तर वेळेत येणार नाही, पण पाठपुराव्याच्या बातमीला ते उपयोगी पडतं. ‘काम उशिरा का झाले’ असा प्रश्न अर्जात टाकू नका. अर्ज कारणं मागण्यासाठी नसतो, कागद मागण्यासाठी असतो. ‘सदर कामास दिलेल्या सर्व मुदतवाढीच्या आदेशांच्या प्रती’ असं लिहा.

चौथी पायरी: इंट्रो

मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळं इंट्रोची, म्हणजे बातमीच्या पहिल्या परिच्छेदाची, खास अडचण होते. कोण, काय, कधी, कुठं, का, कसं हे सगळे ‘क’कार एकाच वाक्यात कोंबले की वाचकाला काय घडलं ते चाळिसाव्या शब्दावर कळतं. असं:

> ३ जुलै २०१८ रोजी पादचारी मार्गाचा भाग कोसळून दोन जणांचा मृत्यू झाल्यानंतर चर्चेत आलेला आणि ७ नोव्हेंबर २०२२ पासून वाहतुकीसाठी बंद असलेला, अंधेरी पूर्व व पश्चिम जोडणारा गोपाळ कृष्ण गोखले रेल्वे उड्डाणपूल अखेर सोमवारी एका समारंभात अंशतः वाहतुकीसाठी खुला करण्यात आला.

यात चुकीची माहिती एकही नाही, तरी इंट्रो पडला. ‘आलेला’, ‘असलेला’, ‘जोडणारा’ अशी विशेषणं पुलाच्या नावाआधी साचली आहेत आणि नऊ महिन्यांचा उशीर कुठंच नाही. उपाय सोपा आहे: दोन वाक्यं करा. पहिल्यात घटना, दुसऱ्यात उशीर. दोन्ही मिळून पंचवीस-तीस शब्द. पादचारी मार्गाची दुर्घटना खाली जाऊ दे. ती गंभीर आहे, पण आजची नाही.

‘अखेर’ हा शब्दही काढा. तो वार्ताहराचा सुस्कारा आहे. तारीख दिली की वाचक स्वतःच सुस्कारा टाकतो.

पाचवी पायरी: पूर्ण कॉपी

> गोखले पुलाची एक बाजू खुली; पहिली मुदत नऊ महिन्यांनी हुकली
>
> *फक्त हलक्या वाहनांना प्रवेश. बर्फीवाला पुलाची जोडणी नाही*
>
> मुंबई, २६ फेब्रुवारी : अंधेरीतील गोखले रेल्वे उड्डाणपुलाची एक बाजू ४७६ दिवसांनंतर सोमवारी वाहतुकीसाठी खुली झाली. दोन मार्गिका मे २०२३ पर्यंत सुरू करण्याची महापालिकेची पहिली मुदत सुमारे नऊ महिन्यांनी हुकली.
>
> सध्या पुलावरून फक्त हलक्या वाहनांना प्रवेश आहे. दुसऱ्या बाजूचे काम बाकी असल्याने पूर्व आणि पश्चिम या दोन्ही दिशांची वाहने एकाच बाजूवरून जाणार आहेत.
>
> पश्चिमेकडील सी. डी. बर्फीवाला उड्डाणपूल नव्या पुलाला जोडलेला नाही. रेल्वेच्या निकषांनुसार गोखले पुलाची उंची वाढवल्याने दोन्ही पुलांच्या पातळीत फरक पडला आहे. त्यामुळे बर्फीवाला पुलावरून गोखले पुलावर थेट जाता येत नाही.
>
> पोलादी भागांची जुळणी हरियाणातील अंबाला येथील कारखान्यात होत होती आणि तेथील पुरामुळे पुरवठ्याला विलंब झाला, असे कारण महापालिकेने दिले होते. मे २०२३ नंतर नोव्हेंबर २०२३ आणि १५ फेब्रुवारी २०२४ अशा मुदती जाहीर झाल्या. त्याही पाळल्या गेल्या नाहीत.
>
> रुळांवरील जुना भाग पश्चिम रेल्वेने पाडला, तर नव्या पुलाची उभारणी महापालिका करत आहे. सुमारे १,३०० टनांचा पहिला गर्डर २ डिसेंबर २०२३ च्या रात्री रुळांवर सरकवण्यात आला.
>
> पादचारी मार्गाचा भाग ३ जुलै २०१८ रोजी रुळांवर कोसळून दोघांचा मृत्यू झाला होता. पूल ७ नोव्हेंबर २०२२ पासून बंद होता.
>
> हा पूल १९७५ मध्ये बांधण्यात आला होता.

या कॉपीत एकही अवतरण नाही, हे मुद्दाम. उदाहरणासाठी कुणाच्या तोंडी वाक्य घालणं योग्य नव्हे. तुमच्या कॉपीत मात्र दोन अवतरणं हवीत. अधिकाऱ्याचं वाक्य चौथ्या परिच्छेदात, कारणांच्या शेजारी येईल. पुलाचा रोज वापर करणाऱ्या माणसाचं तिसऱ्यात. त्याला ‘तुम्हाला काय वाटतं?’ विचारू नका. पूल बंद असताना कोणत्या रस्त्यानं जायचात आणि रिक्षाचं भाडं किती व्हायचं, ते विचारा. ‘नागरिकांतून तीव्र संताप व्यक्त होत आहे’ हे वाक्य तेव्हा आपोआप अनावश्यक होतं.

कारणाचा परिच्छेद पुन्हा वाचा. अंबाल्याचा पूर ही घटना खरी आहे, पण *पुरामुळं इतके महिने उशीर झाला* हा महापालिकेचा दावा आहे. म्हणून ‘असे कारण महापालिकेने दिले होते’ हा भाग कापता येत नाही. शिवाय तक्त्याकडं पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते: उत्तर भारतातला तो पूर जुलै २०२३ मधला, आणि पहिली मुदत त्याच्या आधी मे महिन्यातच गेली होती. म्हणजे हे कारण पुढच्या मुदतींना लागू पडेल, पहिलीला नाही. अधिकाऱ्याला विचारायचा सर्वांत चांगला प्रश्न इथंच आहे, आणि तो तारखा शेजारीशेजारी मांडल्याशिवाय सुचत नाही.

सहावी पायरी: खालून कापून पाहणं

उलटा पिरॅमिड जमला का, हे कात्रीनंच कळतं. पानावर जाहिरात आली की उपसंपादक बातमी खालून कापतो. वरच्या कॉपीतला शेवटचा परिच्छेद झाका: १९७५ चा उल्लेख गेला, काही बिघडलं नाही. त्याच्या वरचा झाका: दुर्घटना गेली, बातमी उभी आहे. चौथ्यापर्यंत वर आलात तर कारण जातं, तरी काय खुलं झालं, किती उशिरा आणि वाहनचालकाला काय करायचं हे शिल्लक राहतं. फक्त इंट्रो उरला तरी ती लहानशी पण पूर्ण बातमी आहे.

इथं हमखास होणारी चूक अशी: वरच्या परिच्छेदात ‘हा निकष’ किंवा ‘या दुर्घटनेनंतर’ असा उल्लेख असतो, आणि त्याचं स्पष्टीकरण खालच्या परिच्छेदात. खालचा कापला की वरचा लंगडा होतो. प्रत्येक परिच्छेदातली ‘हा’, ‘या’, ‘त्या’ ही सर्वनामं शोधा आणि ती वरच्या मजकुराकडं बोट दाखवतात ना, ते तपासा.

दुसरी चूक बर्फीवाला पुलाच्या जागेची. बरेच जण तो तपशील शेवटी टाकतात, कारण तो ‘तांत्रिक’ वाटतो. पण वाचक गाडी घेऊन निघाला आहे. त्याला कोणत्या वळणावर अडावं लागेल हे १,३०० टनांच्या आधी कळायला हवं.

सातवी पायरी: मथळा

मथळा शेवटी लिहा, तोही फक्त पहिल्या दोन परिच्छेदांतून. मथळ्यात असलेली गोष्ट इंट्रोत नसेल तर दोन्हींपैकी एक चुकलं आहे. सात ते दहा शब्द पुरे. ‘गोखले पूल सुरू’ हा मथळा चुकीची समजूत करून देतो, कारण एकच बाजू सुरू झाली. ‘गोखले पूल रखडला’ हाही चुकीचा, कारण आज काहीतरी खुलं झालं आहे. दोन्ही अर्धसत्यं अर्धविरामानं जोडली की मथळा तयार होतो. ‘प्रशासनाच्या झोपा’ किंवा ‘पूल की विनोद?’ अशा मथळ्यांत तारीख नसते, आकडा नसतो. अग्रलेखात ते शोभतील, बातमीवर नाही.

पाठपुराव्याची बातमी

बर्फीवाला पुलाची जोडणी ४ जुलै २०२४ रोजी झाली, म्हणजे एक बाजू खुली झाल्यावर १२९ दिवसांनी. पूल पाडण्याऐवजी जॅक लावून त्याचा भाग वर उचलण्यात आला: एका बाजूनं १,३९७ मिलिमीटर, दुसऱ्या बाजूनं ६५० मिलिमीटर. हे आकडे अभियंत्याच्या कागदावरचे आहेत. बातमीत ‘एका बाजूने सुमारे साडेचार फूट, दुसऱ्या बाजूने सुमारे दोन फूट’ असं द्या, आणि मूळ आकडा एकदाच, खाली. त्या दिवशीही सगळ्या वाहनांना आणि दोन्ही दिशांना वाट मिळाली नव्हती. जुहूकडून अंधेरीकडं येणाऱ्या हलक्या वाहनांनाच ती मिळाली. म्हणून ‘जोडणी पूर्ण’ असा मथळा त्या दिवशीही चालला नसता.

गोखले पूल पूर्ण क्षमतेनं ११ मे २०२५ रोजी खुला झाला. या दिवशीची कॉपी स्वतः लिहून पाहा. बंद झाल्यापासूनचे दिवस ९१६ आहेत. पण उशीर मोजताना मे २०२३ ची मुदत वापरू नका, कारण ती फक्त दोन मार्गिकांची होती. संपूर्ण पुलासाठी महापालिकेनं सुरुवातीला कोणती तारीख दिली होती, ते २०२२ च्या नोव्हेंबरमधल्या घोषणेत शोधा, आणि वजाबाकी तिथूनच सुरू करा.